भाचा गेला, कार्टून राहिली

*दादा, माझं घरीच शिवणकाम आहे. ब्लाउजचं कटिंग, आरीवर्क सगळं यूट्यूबवर बघून शिकले. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा दीड महिना राहायला होता आणि माझा मोबाइल त्याच्याच हातात असायचा. तो गेला, पण यूट्यूब उघडलं की अजून खेळणी, कार्टून आणि गेम. त्यात मला डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितलंय, म्हणून रात्री त्याचे तीन-चार व्हिडिओ बघितले, तर दुसऱ्या दिवशी हॉलमधल्या टीव्हीवर पाहुण्यांसमोर तेच. जमिनीत जावं असं झालं. क्रोमची हिस्टरी तीनदा उडवली, फरक शून्य. आता सगळंच पुसून टाकू का? मग माझे शिवणाचे व्हिडिओ पण यायचे बंद होतील का? आणि पुसलेलं खरंच पुसलं जातं का?*
*– एक वाचक, कराड*

ताई, तुम्ही तीनदा झाडून काढलंत खरं, पण घर शेजाऱ्याचं होतं. क्रोमच्या हिस्टरीत तुम्ही क्रोममधून कुठल्या कुठल्या वेबसाइटवर गेलात, एवढीच यादी असते. यूट्यूबच्या ॲपमध्ये काय बघितलं याची नोंद त्या यादीत नसतेच. ती होते तुमच्या जीमेलच्या खात्यावर, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर. म्हणून तुम्ही ॲप काढून पुन्हा टाकलं, कॅशे साफ केली, अगदी नवा मोबाइल घेतला, तरी त्याच जीमेलने आत शिरलात की भाच्याची कार्टून दारात हजर.

टीव्हीचं कोडंही इथेच सुटतं. टीव्ही तुमच्या मोबाइलमध्ये डोकावत नाही. टीव्ही आणला तेव्हा घरात ज्याचा जीमेल सगळ्यांना पाठ होता त्याचा टाकला गेला असणार, आणि तो तुमचा होता. आता मोबाइल आणि टीव्ही दोघेही एकाच खात्यातून वाचतात आणि त्याच खात्यात लिहितात. तुम्ही रात्री खोलीत जे बघितलं ते सकाळी हॉलमध्ये दिसतं, आणि हॉलमध्ये सासरे कीर्तन लावून झोपी गेले तर आपोआप पुढे चालत राहिलेले चार व्हिडिओसुद्धा तुमच्याच नावावर मांडले जातात. (खात्यात साइन-इनच केलेलं नसेल, तर मात्र ही नोंद त्या त्या ब्राउझरच्या किंवा यंत्राच्या कुकीत, म्हणजे तिथेच साठवलेल्या छोट्या नोंदीत, राहते आणि तिथली कुकी साफ केली की जाते. तुमचं तसं नाही.)

आधी ती नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर `myactivity.google.com` उघडा आणि तिथे YouTube History मध्ये जा. तारखेवार ओळी दिसतील. Watched असं लिहिलेलं असेल तो बघितलेला व्हिडिओ, Searched for असं असेल तो शोधलेला शब्द. खाली वेळ असते, चॅनेलचं नाव असतं. मी कॉम्प्युटर क्लास घ्यायचो तेव्हा पालकांना हे पान मुद्दाम दाखवायचो. बहुतेक जण पहिली दोन मिनिटं गप्प बसायचे.

आता सुचवण्या कशा तयार होतात ते थोडं समजून घेऊ, कारण त्याशिवाय काय पुसायचं हे ठरवता येणार नाही. यूट्यूबच्या तीन इंजिनिअरांनी 2016 साली आपल्या यंत्रणेवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. तेव्हापासून यंत्रणा पुष्कळ बदलली आहे, त्यामुळे त्यातले आकडे आजचे म्हणून धरू नका. पण विचार कसा चालतो ते त्यात स्वच्छ दिसतं. यंत्रणा माणसाचे अलीकडचे 50 बघितलेले व्हिडिओ आणि 50 शोध घ्यायची. प्रत्येक व्हिडिओ म्हणजे आकड्यांची एक रांग, आणि सारख्या जातीच्या व्हिडिओंच्या रांगा एकमेकींच्या जवळ. या सगळ्या रांगांची सरासरी काढली की जी रांग येते, ती म्हणजे यंत्रणेच्या लेखी तुम्ही. मग लाखो व्हिडिओंमधून त्या सरासरीच्या जवळचे काही शे व्हिडिओ वेगळे काढायचे, आणि त्यातला कुठला तुम्ही किती वेळ बघाल याचा अंदाज बांधून वर-खाली लावायचे.

आता तुमच्या घरचा हिशोब करा. ब्लाउजच्या कटिंगचा एक व्हिडिओ अर्धा-पाऊण तासाचा. तुम्ही दिवसाला फार तर दोन बघता. भाचा तीन-चार मिनिटांचं एकेक कार्टून असे दिवसाला 25 सहज बघत असणार. म्हणजे दोन दिवसांत 50 ची पिशवी त्याच्या व्हिडिओंनी भरली आणि त्यात तुमचे उरले चार. तुम्ही घालवलेला वेळ कमी नव्हता, पण मोजदाद नगांची झाली. तो गेल्यावर तुमच्या चालीने ती पिशवी पुन्हा तुमच्या व्हिडिओंनी भरायला पंचवीसेक दिवस लागतील, तेसुद्धा मधल्या काळात टीव्हीवर दुसऱ्या कुणी काही लावलं नाही तर. शिवाय कार्टून पुढ्यात आलं आणि चुकून बोट लागलं की तो पुन्हा एक नग. म्हणून ते आपोआप जायला इतका वेळ लागतो आहे.

त्या निबंधातली आणखी एक गोष्ट मला फार आवडली होती. कुणी एखादा शब्द नुकताच शोधला असेल, तर लगेच होम पेजवर त्याच शोधाचे निकाल मांडणं हे फार वाईट चालतं, असं त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी शोधांचा क्रमच काढून टाकला आणि सगळे शब्द एकत्र टाकले. हे तुम्हाला सांगायचं कारण असं, की पाहुण्यांसमोर जे आलं ते नुसत्या शोधाने आलं असेल याची शक्यता कमी. तुम्ही शोधलंत आणि मग ते व्हिडिओ बऱ्यापैकी शेवटपर्यंत बघितलेत. बघणं हा शोधण्यापेक्षा जड पुरावा. त्यामुळे नुसते शोध पुसून भागणार नाही, बघितलेलंही काढावं लागेल.

तर सगळंच पुसायचं का? माझं मत विचाराल तर नको. सगळं पुसलं की यंत्रणेला तुमच्याबद्दल उरतं काय, तर तुम्ही सबस्क्राइब केलेली चॅनेल, लाइक केलेले व्हिडिओ आणि तुम्ही कुठल्या देशात बसलात ते. हे तिन्ही हिस्टरीबरोबर जात नाहीत. त्यामुळे शिवणाचे व्हिडिओ समूळ नाहीसे होणार नाहीत, पण मधले दहा-पंधरा दिवस होम पेजवर क्रिकेट, सिनेमाची गाणी आणि जे सगळ्या भारतात चाललंय ते येत राहील. आणि एक नुकसान लोकांना नंतर कळतं. व्हिडिओच्या चित्राखाली जी लाल रेघ दिसते, म्हणजे कुठवर बघून झालं ते, ती हिस्टरीवरच चालते. हिस्टरी गेली की रेघ गेली. चाळीस भागांच्या आरीवर्कच्या मालिकेत तुम्ही 23 व्या भागावर होतात की 27 व्या, हे मग तुमचं तुम्ही आठवायचं.

तुमच्या बाबतीत सोपा आणि नेमका मार्ग म्हणजे तारखेने पुसणं. भाचा कधी आला आणि कधी गेला हे तुम्हाला ठाऊक आहे. समजा 18 एप्रिलला आला आणि 2 जूनला गेला. यूट्यूबच्या ॲपमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा You असं दिसतं. तिथे History, मग View all. वरचे तीन ठिपके दाबून Manage all history. तुमचं खातं विचारेल, ते निवडा. पुढच्या पानावर Delete आणि त्यात Delete custom range. सुरुवातीची तारीख 18 एप्रिल, शेवटची 2 जून. खात्री विचारेल, हो म्हणा. तुमचा मोबाइल मराठीत असेल तर हेच शब्द मराठीत दिसतील, जागा त्याच. झाल्यावर 17 एप्रिल, 18 एप्रिल, 2 जून आणि 3 जून या चार दिवसांच्या नोंदी एकदा नजरेखालून घाला. कडेचे दिवस राहून जातात.

त्या दीड महिन्यातले तुमचे व्हिडिओही यात जातील. जाऊ द्या. मात्र पुसण्याआधी त्या काळातले जे अर्धवट राहिलेत ते एका प्लेलिस्टमध्ये टाकून ठेवा, कारण प्लेलिस्टला हिस्टरीचा हात लागत नाही.

मग लोक इथे थांबतात आणि चार दिवसांनी म्हणतात, काही उपयोग झाला नाही. का? कारण पोरं लाइक दाबतात. आणि सबस्क्राइब दाबतात, घंटी वाजवतात, व्हिडिओतला माणूस ओरडून सांगतो म्हणून. ही दोन्ही बटणं हिस्टरीत मोडत नाहीत, म्हणून ती तशीच राहतात आणि यंत्रणेला रोज सांगत राहतात की या बाईंना खेळण्यांची खोकी उघडताना बघायला आवडतं. तेव्हा Liked videos ची यादी उघडा, Subscriptions ची उघडा, आणि जे तुमचं नाही ते काढा. हे काम हाताने एकेक करावं लागतं. एका पालकाच्या खात्यात मला अशी एकोणीस चॅनेल सापडली होती.

तुम्ही कदाचित होमवरच्या व्हिडिओशेजारचे तीन ठिपके दाबून Not interested करून बघितलं असेल. त्यावर फार विसंबू नका. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिला फाउंडेशनने 2022 मध्ये वीस हजारांहून अधिक लोकांच्या मदतीने हे तपासलं होतं. नकोसा व्हिडिओ Not interested म्हटल्यावर त्याच्यासारखे पुढचे व्हिडिओ 11 टक्केच टळले. नापसंतीचा अंगठा दाबून 12 टक्के, व्हिडिओ हिस्टरीतून काढून 29 टक्के, आणि Don't recommend channel म्हटल्यावर 43 टक्के. म्हणजे हिस्टरीतून काढणं हे Not interested पेक्षा बरं, पण तेही एकेक व्हिडिओपुरतं असेल तर तोकडं पडतं. माझा तर्क असा की एक काढला तरी त्याचे पन्नास भाऊबंद हिस्टरीत बसलेले असतात आणि सरासरी फारशी हलत नाही. म्हणूनच मी तुम्हाला तारखेने, पूर्ण घोळकाच्या घोळका काढायला सांगतोय. त्यातूनही एखादं चॅनेल चिकटून राहिलं तर त्याच्यासाठी Don't recommend channel वापरा.

ऑपरेशनच्या व्हिडिओंचं वेगळं करा. ते तीन-चारच आहेत, त्यामुळे तारीख नको. त्याच Manage all history च्या पानावर शोधायची जागा आहे, तिथे तुम्ही जो शब्द टाकला होता तोच टाका. Watched आणि Searched for, दोन्ही ओळी येतील. प्रत्येकीसमोरची फुली दाबा. हे व्हिडिओ तुम्हाला पुन्हा बघायला लागतील, ऑपरेशनच्या आधी तर नक्कीच, तेव्हा ॲपमध्ये तुमच्या फोटोवर जाऊन Turn on Incognito करा आणि मग शोधा. त्या वेळात बघितलेलं खात्यात लिहिलंच जात नाही, म्हणून टीव्हीवरही जात नाही. मात्र एवढं ध्यानात असू द्या की त्या अवस्थेत असताना मोबाइलवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकायचा नाही. आणि हाच शब्द तुम्ही गूगलच्या साध्या शोधात टाकला असेल तर ती नोंद यूट्यूबच्या पानावर नसते. ती `myactivity.google.com` वर Web & App Activity मध्ये असते आणि तिथूनही काढावी लागते.

यानंतर तुम्ही यूट्यूबच्या शोधपट्टीत 'गर्भ' एवढंच लिहाल आणि खाली 'गर्भपिशवी काढण्याचे ऑपरेशन' असं येईल. तेव्हा पुसलं गेलं नाही म्हणून घाबरू नका. त्या ओळीच्या आधीचं चित्र बघा. घड्याळ असेल तर ती तुमची जुनी नोंद, त्यावर बोट दाबून धरलं की काढायचं विचारतं. भिंग असेल तर तो इतर लोक काय लिहितात त्यावरून केलेला अंदाज, तुमच्याशी त्याचा संबंध नाही. हा फरक मला फार उशिरा कळला. क्लासमध्ये प्रोजेक्टर लावून मी 'मूळ' एवढं टाइप केलं, मुळाक्षरांचा व्हिडिओ दाखवायला, आणि भिंतीवर चार फुटी अक्षरांत 'मूळव्याध घरगुती उपाय'. समोर पंचवीस मुलं. माझं दुर्दैव असं की त्याच्या आधी घड्याळ होतं.

पुसलेलं खरंच पुसलं जातं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. गूगलने स्वतः जे लिहून ठेवलंय ते असं. तुम्ही पुसलंत की ती नोंद तुमच्या पानावरून लगेच जाते आणि सुचवण्यांसाठी वापरणं थांबतं. त्यांच्या साठवणीतून ती पूर्ण निघायला साधारण दोन महिने लागतात, कारण चुकून पुसलं गेलं तर परत आणता यावं म्हणून महिनाभर ठेवतात. बॅकअपच्या प्रतींत ती सहा महिन्यांपर्यंत राहू शकते. आणि पुसल्यावरही 'या खात्यावरून काहीतरी शोधलं गेलं होतं' एवढं ते ठेवू शकतात, काय शोधलं ते नाही. तुमच्या हॉलमधल्या पाहुण्यांचा विचार केला तर पहिल्याच दिवशी काम फत्ते आहे. फक्त पुसताना टीव्ही किंवा मोबाइल इंटरनेटला जोडलेला नसेल तर तिथे बदल पोचायला काही तास जातात, तेव्हा लगेच टीव्ही लावून हताश होऊ नका. होम पेज खाली ओढून ताजं करा. वरच्या बाजूला विषयांच्या ज्या गोळ्या दिसतात, त्यांवरून यंत्रणा तुम्हाला काय समजते ते चटकन कळतं. आठ दिवसांनी त्यांत 'ब्लाउज' आणि 'भरतकाम' दिसायला लागलं म्हणजे गाडी रुळावर आली.

कुणी तुम्हाला सांगेल, हिस्टरीच बंद करून टाका, Pause करा. ऑगस्ट 2023 पासून त्याची एक गंमत झाली आहे. हिस्टरी बंद असेल आणि मागचीही फारशी उरली नसेल, तर यूट्यूब होम पेजवर काहीच सुचवत नाही. कोरं पान, वर शोधपट्टी. मला स्वतःला ते शांत वाटतं आणि मी तसंच वापरतो. पण तुम्ही नवीन गळ्याचे प्रकार, नवीन लटकन हे सगळं सुचवण्यांतूनच उचलता ना? मग तुमच्यासाठी ते दुकानाचं शटर ओढल्यासारखं होईल. त्यापेक्षा त्याच पानावर Auto-delete आहे. तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांपेक्षा जुनं आपोआप पुसलं जातं. तीन महिने ठेवलंत तर लग्नसराईत बघितलेलं पुढच्या लग्नसराईला यंत्रणा विसरलेली असेल. तुम्ही अठरा ठेवा.

टीव्हीचं काम मात्र या सगळ्याच्या आधी करा, नाहीतर इकडे झाडायचं आणि तिकडे वारा. टीव्हीवरच्या यूट्यूबमध्ये डावीकडे तुमचा फोटो असेल, तिथून तुमचं खातं काढा आणि यजमानांचं जोडा. ते नको म्हणाले तर पाहुणा म्हणून, म्हणजे Guest म्हणून चालू ठेवा, त्यात कुणाच्याच खात्यात काही लिहिलं जात नाही. सासऱ्यांना कीर्तन शोधायला रोज रिमोटने टाइप करावं लागेल आणि ते कुरकुर करतील. त्यांच्यासाठी वेगळा जीमेल काढून दिलात तर दोन आठवड्यांत त्यांचं होम पेज नुसत्या कीर्तनांनी भरेल आणि कुरकुर थांबेल.

भाचा दिवाळीत परत येणारच. त्याच्यासाठी मोबाइलवर YouTube Kids हे वेगळं ॲप टाकून ठेवा. साइन-इन न करताही ते चालतं आणि तिथलं तुमच्या यूट्यूबमध्ये येत नाही. त्यात त्याचे गेमवाले सापडले नाहीत म्हणून तो रडेल, आणि मग तुम्ही यूट्यूब लावून द्यालच. तेव्हा हातात देण्याआधी Incognito लावा, आणि परत घेतल्यावर ते बंद करायला विसरू नका, नाहीतर तुमचे स्वतःचेच कटिंगचे व्हिडिओ नोंदीबाहेर जात राहतील.